आठ बारांचे घड्याळ : व्यायामाचा ट्रॅक कसा बांधावा

व्यायामाच्या वर्गात जागेवर उड्या मारणाऱ्या माणसाला भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट पाहता येत नाही आणि घामेजलेल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही. किती वेळ झाला, किती उरला, आता थांबायचे की चालू ठेवायचे, हे त्याला कानांनीच कळावे लागते. अशा वर्गासाठी केलेल्या ट्रॅकला त्यामुळे दोन कामे नेमून दिलेली असतात : पायांना न चुकणारा ठेका पुरवणे आणि दर आठ बारांनी असा बदल करणे, की दम लागलेल्या माणसालाही तो कान न टवकारता कळेल. चालीची गोडी त्यानंतर येते.

या लेखात चार मिनिटांचा एकच ट्रॅक पहिल्या बारपासून शेवटच्या ठोक्यापर्यंत बांधून दाखवला आहे. त्यात सुरुवातीला पंधरा सेकंदांची तयारी आहे आणि पुढे तीस सेकंद व्यायाम व पंधरा सेकंद विश्रांती अशा पाच फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत जागेवर धावणे, दुसरीत जंपिंग जॅक, तिसरीत बैठका, चौथीत गुडघे उंच उचलणे आणि पाचवीत पुन्हा जागेवर धावणे, असा क्रम धरला आहे. मी रीपर वापरतो. पण एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह किंवा फुकट मिळणारे बँडलॅब यांपैकी काहीही चालेल, कारण आपल्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी या सगळ्यांत आहेत. लूप आणून ठेवणे आणि ड्रमचे ठोके चौकटीत भरणे एवढे वाचकाला येते, असे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी : आधी वेळ ठरवा, मग वेग

नवखा माणूस बहुधा आवडता वेग आधी धरतो आणि व्यायाम त्यात कोंबतो. मग पंधरा सेकंदांची विश्रांती कधी साडेचौदा सेकंदांची होते, तर कधी साडेसोळा. हिशेब उलटा करावा. चार मात्रांच्या बारमध्ये आठ बार म्हणजे ३२ मात्रा, आणि बीपीएम म्हणजे मिनिटाला किती मात्रा. त्यावरून पुढचे सूत्र निघते. त्यातले १९२० म्हणजे ३२ गुणिले ६०.

```
आठ बारांचे सेकंद = १९२० ÷ बीपीएम
बीपीएम = १९२० ÷ हवे असलेले सेकंद
```

आपल्याला पंधरा सेकंदांचा खंड हवा आहे. १९२० भागिले १५ म्हणजे १२८. वेग १२८ ठरला. हाच वेग १३० केला, तर एक खंड सुमारे १४.८ सेकंदांचा होतो आणि सोळा खंडांचा ट्रॅक चार मिनिटांऐवजी जेमतेम ३ मिनिटे ५६ सेकंदांत संपतो. ऐकणाऱ्याला दोन बीपीएमचा फरक जाणवणारही नाही, परंतु घड्याळ हातात धरलेल्या प्रशिक्षकाला तो नक्की जाणवेल. ज्येष्ठांच्या वर्गासाठी १२० घेतले तर खंड सोळा सेकंदांचा होतो, आणि त्यांच्यासाठी मी तोच घेईन. इझुमी ताबाता या जपानी संशोधकाच्या १९९६च्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झालेली वीस सेकंद व्यायाम आणि दहा सेकंद विश्रांती ही पद्धत हवी असेल, तर वेग ९६ घ्यावा. मग आठ बारांचे वीस सेकंद होतात, चार बारांचे दहा होतात, आणि ९६ संथ वाटू नये म्हणून हाय-हॅट दुप्पट चालवता येते.

ठरलेला वेग व्यायामाला पेलतो का, हेही याच वेळी पाहावे. १२८ला तीस सेकंदांत ६४ मात्रा बसतात. जंपिंग जॅकला उघडण्याची एक आणि मिटण्याची एक अशा दोन मात्रा लागतात, म्हणजे फेरीत ३२ जॅक होतात. बैठकीला खाली जायला दोन आणि वर यायला दोन अशा चार मात्रा धरल्या, तर सोळा बैठका होतात. दोन्ही संख्या सर्वसाधारण वर्गाला झेपणाऱ्या आहेत. धावताना दर मात्रेला एक पाऊल पडते. हा वेग मैदानावर धावणाऱ्याला संथ वाटेल, पण हॉलमध्ये पाय उचलून जागेवर धावण्यास तो पुरतो.

आठ बारांचाच आग्रह का, याचे उत्तर प्रशिक्षकांच्या मोजणीत आहे. एरोबिक्सचे प्रशिक्षक आठापर्यंत मोजतात आणि असे चार आठ झाले की एक ३२ पूर्ण धरतात. त्यांच्या हालचालींची जुळणी याच मापात असते. आपल्याकडे तीनतालाची दोन आवर्तने झाली की नेमक्या ३२ मात्रा भरतात. त्यामुळे ज्याने थोडाफार तबला ऐकला आहे, त्याला आठ बारांनंतरची पहिली मात्रा ही सम वाटते. पुढे मी तिला समच म्हणणार आहे.

दुसरी पायरी : रिकाम्या पट्टीवर खुणा करा

एकही आवाज भरण्याआधी वेग १२८ आणि ताल चार-चारचा करून घ्यावा, सरकवलेली वस्तू बारच्या रेषेला चिकटेल अशी सोय चालू करावी, आणि दर आठ बारांवर खूण लावावी. रीपरमध्ये जिथे खूण हवी तिथे कर्सर नेऊन `M` दाबले की ती लागते. खुणा १, ९, १७, २५, ३३ अशा पुढे जात १२१वर संपतात, आणि १२९ ही शेवटाची खूण असते. प्रत्येक खुणेच्या आकड्याला आठाने भागले की बाकी एक उरते. चूक शोधताना ही गोष्ट फार उपयोगी पडते.

आता खंडांना नावे द्यावीत. पहिला खंड, म्हणजे १ ते ८ बार, तयारीचा. ९ ते २४ हे सोळा बार पहिल्या फेरीचा व्यायाम, २५ ते ३२ विश्रांती. दुसऱ्या फेरीचा व्यायाम ३३वर सुरू होतो आणि विश्रांती ४९वर; तिसऱ्या फेरीचे हेच आकडे ५७ आणि ७३, चौथीचे ८१ आणि ९७, पाचवीचे १०५ आणि १२१. घड्याळाशी पडताळून पाहायचे तर बार ३३ बरोबर १:०० वर, ९७ बरोबर ३:०० वर आणि १२९ बरोबर ४:०० वर यायला हवा. चार मात्रांच्या बारचा चार मिनिटांचा ट्रॅक असेल, तर बारची संख्या आणि बीपीएम नेहमी एकच असतात. येथेही १२८ बार आहेत आणि वेगही १२८ आहे. हा आकड्यांचा योगायोग नाही, पण पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मला गंमत वाटली होती.

खुणांचे काम कंटाळवाणे असते आणि ते टाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. मी तो एकदा टाळला. पायऱ्यांच्या पाटावर चढ-उतार करण्याच्या वर्गासाठी ट्रॅक करत होतो आणि शेवटच्या फेरीआधी सगळे आवाज थांबवून दोन मात्रांची शांतता घातली. घरी खुर्चीत बसून ऐकताना ती फार देखणी वाटत होती. मात्र ती शांतता मी आठ बारांच्या आत न बसवता आठ बारांनंतर जोडली होती, आणि त्यामुळे पुढचे सगळे दोन मात्रांनी सरकले. वर्ग घेणाऱ्या ताईंचा दुसऱ्या दिवशी फोन आला : “अहो दादा, गाणं छान आहे, पण तुमचे आठ कुठेतरी वाढलेत. शेवटच्या फेरीत अर्धा हॉल चढतोय आणि अर्धा उतरतोय.” खुणा असत्या, तर शांततेनंतरचा ठोका रेषेवर नाही हे मला डोळ्यांनीच दिसले असते. शांतता घालायला हरकत नाही. ती ३२ मात्रांच्या आतूनच कापून घ्यावी.

तिसरी पायरी : ठेका

ठेक्याचा कणा म्हणजे किक, आणि व्यायामाच्या बारांमध्ये ती दर मात्रेला वाजली पाहिजे. नाचाच्या गाण्यात किक मध्येच वगळून गंमत आणतात. येथे पाय त्या किकवर पडत असतात, म्हणून एक किक वगळणे म्हणजे जिन्याची एक पायरी काढून घेण्यासारखे आहे. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर क्लॅप ठेवावी आणि दोन किकच्या बरोबर मध्ये हाय-हॅट. किक पाय खाली आणते आणि मधली हॅट तो वर उचलते. या दोहोंमुळेच उडी मारावीशी वाटते.

किक निवडताना बहुतेकांची एकच फसगत होते. हेडफोनवर जी किक पोटात घुमते, ती ब्लूटूथच्या छोट्या स्पीकरवर जवळजवळ नाहीशी होते. कारण किकचा घुमारा सर्वसाधारणपणे ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि छोट्या स्पीकरला ते सूर नीट काढताच येत नाहीत. म्हणून किकमध्ये घुमाऱ्याबरोबर एक टणक ‘टक्’ हवी, जी २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. आपल्या किकमध्ये ती नसेल तर दुसरा एखादा अगदी छोटा, लाकडी आवाज तिच्यावर चढवावा. हलगीच्या काठावर छडीने मारलेल्या ठोक्याचा नमुना यासाठी उत्तम जमतो, आणि हलगी ऐकत वाढलेल्या माणसाला तो परकाही वाटत नाही. तपासायची रीत सोपी आहे : ट्रॅक मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर लावा, मोबाइल टेबलावर उपडा ठेवा, आणि शेजारच्या खोलीत जाऊन उभे राहा. तेथून ठेका मोजता आला, तर किक पास झाली.

किक आणि बास एकाच वेळी एकाच पट्ट्यात वाजले की दोघेही एकमेकांना गढूळ करतात. यावर साइडचेनचा उपाय आहे. त्यात बासवर कॉम्प्रेसर बसवतात आणि त्याला किककडे लक्ष ठेवायला सांगतात. किक वाजली की बास क्षणभर दबतो आणि पुढच्या मात्रेआधी परत वर येतो. परत येण्याचा वेळ १५० ते २०० मिलिसेकंद ठेवून सुरुवात करावी. १२८ला एक मात्रा सुमारे ४७० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे बासला वर यायला पुरेशी जागा मिळते आणि सगळ्या ट्रॅकला एक झोका येतो. किकवर रिव्हर्ब अजिबात नको. पत्र्याच्या छपराच्या किंवा फरशीच्या हॉलमध्ये घुमणे मुळातच भरपूर असते.

ठेका बिघडतो तो बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण म्हणजे किकच्या नमुन्याच्या सुरुवातीला असलेली शांतता. वीस-तीस मिलिसेकंदांची शांतता डोळ्यांना चौकटीवर दिसत नाही, पण त्यामुळे प्रत्येक किक हॅटच्या मागे राहते आणि ट्रॅक आळसावल्यासारखा वाटतो. तरंगाचे चित्र मोठे करून पाहावे आणि पुढचा सपाट भाग कापून टाकावा. दुसरे कारण म्हणजे बाहेरून आणलेला लूप. १२६ वेगाचा चार बारांचा लूप १२८ला ताणून न घेता तसाच ठेवला, तर चौथ्या बारच्या शेवटी तो सुमारे ०.१२ सेकंद मागे पडतो, आणि आठ बारांपर्यंत मात्रेच्या अर्ध्याइतका. त्याची खूण अशी, की सुरुवातीला सगळे एकत्र वाजते आणि हळूहळू एका ठोक्याचे दोन होतात; ‘टक्’ऐवजी ‘टटक्’ ऐकू येऊ लागते.

चौथी पायरी : तीन इशारे

खरे डिझाइन येथे आहे. नेहमीच्या संगीतात दर आठ बारांचा बदल वैविध्यासाठी असतो, आणि म्हणून करणारा प्रत्येक वेळी नवी युक्ती शोधतो. व्यायामाच्या ट्रॅकमध्ये बदलाला अर्थ असावा लागतो. आपल्या फेरीत अर्थ तीनच आहेत : सुरू करा, निम्मे झाले, थांबा. म्हणून इशारेही तीनच ठेवावेत आणि पाचही फेऱ्यांत ते जसेच्या तसे यावेत. दुसऱ्या फेरीपर्यंत वर्गाला ते पाठ होतात. तिसऱ्या फेरीपासून प्रशिक्षकाला ‘अजून पंधरा सेकंद’ असे ओरडून सांगावे लागत नाही.

इशाऱ्याचे दोन भाग असतात. एक भाग समेच्या आधी येतो आणि सावध करतो, दुसरा समेवर पडतो आणि पटवतो. फक्त समेवर बदल केला तर शरीराला तयारीला वेळ मिळत नाही. फक्त आधी सावध करून समेवर काही नवे दिले नाही, तर जिना चढून वर गेल्यावर खोलीच नसावी असे होते.

‘सुरू करा’ हा इशारा विश्रांतीच्या शेवटच्या दोन बारांत बांधावा. पहिल्या विश्रांतीचे उदाहरण घेऊ. ३१व्या बारमध्ये स्नेअर दर मात्रेला एकदा, म्हणजे चारदा वाजते. ३२व्या बारमध्ये ती दर मात्रेला दोनदा वाजते, पण फक्त पहिल्या तीन मात्रांवर. चौथी मात्रा जवळजवळ रिकामी सोडावी. एकटी हॅट चालू ठेवावी. ही अर्ध्या सेकंदाहून थोडी कमी शांतता श्वास घेण्याइतकी असते, आणि तिच्यानंतर ३३च्या समेवर किक, बास आणि क्रॅश असे तिन्ही एकदम येतात. दोन बारांना ३.७५ सेकंद लागतात, म्हणजे पाण्याची बाटली खाली ठेवून जागेवर यायला तेवढा वेळ मिळतो. तयारीच्या खंडाच्या शेवटी, म्हणजे ७ आणि ८ या बारमध्ये, हेच करावे.

‘निम्मे झाले’ हा इशारा सर्वांत हलका असावा, कारण येथे कोणी थांबायचे नाही. १६व्या बारच्या शेवटच्या मात्रेवर स्नेअरचे दोन ठोके, १७च्या समेवर क्रॅश, आणि तेथून पुढे बंद हॅटऐवजी उघडी हॅट. शिवाय पहिल्या आठ बारांत नसलेली एखादी ओळ, उदाहरणार्थ सिंथची चार सुरांची चाल, येथून सुरू करावी. ऊर्जा वाढल्याचे जाणवते आणि त्याच वेळी कळते, की उरलेले पंधरा सेकंद हेच.

‘थांबा’ या इशाऱ्यासाठी मी तिहाई वापरतो. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीन वेळा वाजवून त्याचा शेवटचा ठोका समेवर आणणे. ऐकणाऱ्याला ती शिकवावी लागत नाही, कारण तिसऱ्यांदा तुकडा सुरू झाला की शेवट कुठे पडणार हे कानाला आधीच कळते. एका बारचे सोळा भाग करा. ‘तिटकत धा’ हा पाच भागांचा तुकडा घ्या, आणि दोन तुकड्यांमध्ये एक भाग रिकामा सोडा. पहिला तुकडा १ ते ५ या भागांवर बसतो, दुसरा ७ ते ११वर, आणि तिसरा १३ ते १७वर; आता सतरावा भाग म्हणजेच पुढच्या बारची पहिली मात्रा. पाच गुणिले तीन अधिक दोन रिकाम्या जागा, एकूण सतरा, असा हा हिशेब आहे. २४व्या बारमध्ये ही तिहाई भरली की तिचा शेवटचा ‘धा’ २५च्या समेवर पडतो.

चौकटीत भरताना हे असे दिसते. उभी रेघ बारची सीमा आहे.

```
भाग : १  २  ३  ४  ५  ६  ७  ८  ९ १० ११ १२ १३ १४ १५ १६ | १
बोल : ति ट  क  त  धा -  ति ट  क  त  धा -  ति ट  क  त  | धा
किक : x  .  .  .  x  .  .  .  x  .  .  .  x  .  .  .  | x
```

किक चालूच आहे, हे पाहा. पहिला ‘धा’ किकवर पडतो, दुसरा दोन किकच्या बरोबर मध्ये पडतो, म्हणून क्षणभर ताण निर्माण होतो, आणि तिसरा पुन्हा किकवर येऊन तो ताण सोडवतो. पाय मात्र एकदाही चुकत नाही. १२८ला एक भाग सव्वाशे मिलिसेकंदांपेक्षाही लहान असतो, त्यामुळे आवाज आखूड असावेत. ढोलकीच्या चाटीचे किंवा टिमकीचे नमुने चांगले वाटतात, घुमणारा डग्गा मात्र फक्त ‘धा’ला ठेवावा.

जे बदल कळत नाहीत, त्यांच्याबद्दल एक सूचना. फिल्टर हळूहळू उघडणे, रिव्हर्ब वाढवणे, सिंथचा रंग बदलणे, हे सगळे हेडफोनवर सुंदर वाटते आणि हॉलमध्ये कोणाच्याही लक्षात येत नाही. दम लागलेला कान ठोक्यांची दाटी आणि मोठ्या आवाजाचे येणे-जाणे एवढेच टिपतो. म्हणून प्रत्येक समेवर किमान एक तालवाद्य आत यावे किंवा बाहेर जावे. बाकीची नक्षी हवी तर तिच्यावर चढवावी.

पाचवी पायरी : विश्रांतीचे आठ बार

विश्रांतीत ठेका पूर्ण थांबवला तर वर्गाचा धागा तुटतो, आणि तसाच ठेवला तर कोणी थांबत नाही. मी समेच्या ठोक्यानंतर किक आणि बास काढून टाकतो, आणि दर मात्रेला काठीवर काठी मारल्यासारखा एक बारीक ठोका ठेवतो. त्याच्याखाली एक लांब सूर असतो. क्लॅप नको, चाल नको, आणि गायलेले शब्द तर मुळीच नकोत, कारण पुढचा व्यायाम कोणता हे प्रशिक्षक याच वेळी सांगत असतो. माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता साधारण १ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. तो पट्टा या आठ बारांत मोकळा ठेवावा.

विश्रांतीचा आवाज व्यायामापेक्षा हळू असावा, परंतु फार हळू नको. तीन-चार डेसिबलचा उतार पुरतो. त्याहून जास्त उतरवले की हॉलमधले कोणीतरी जाऊन आवाज वाढवते आणि ३३व्या बारला सगळ्यांच्या कानांवर हातोडा पडतो.

सहावी पायरी : फेऱ्यांमधला फरक

एका फेरीचे चोवीस बार, म्हणजे बार ९ ते ३२, मनासारखे झाले की ते उचलून ३३, ५७, ८१ आणि १०५ या खुणांवर ठेवावेत. आता एक गडबड टाळावी लागते : नक्कल करताना निवडीचा शेवट बरोबर ३३च्या रेषेवर नसेल, क्रॅशची शेपटी धरून थोडा पुढे गेला असेल, तर पुढची प्रत्येक नक्कल सरकत जाते. नक्कल केल्यावर पाचही ठिकाणची पहिली किक रेषेवर आहे का, हे मोठे करून पाहावे.

इशारे आणि ठेका सर्वत्र सारखेच ठेवून बदलायच्या त्या फक्त वरच्या गोष्टी. जॅकच्या फेरीत सिंथची चाल उड्या मारणारी असावी. बैठकांच्या फेरीत बास दोन मात्रा खाली उतरणारा आणि दोन मात्रा वर चढणारा लिहिला, तर गुडघे आपोआप त्याच्याबरोबर वाकतात. सबंध ट्रॅकमध्ये मला सर्वांत समाधान देणारी जागा हीच आहे. गुडघे उचलण्याच्या फेरीत हॅट दुप्पट करावी. शेवटच्या फेरीत पहिल्या फेरीचीच चाल दोन स्वर वर चढवून आणावी; वेग तोच राहूनही चढाओढ जाणवते. वेग मात्र कुठेही वाढवू नये. शेवटी १३२ करण्याचा मोह होतो, पण त्याने खंड पंधरा सेकंदांचा राहत नाही आणि आपले घड्याळच मोडते.

सातवी पायरी : पारख

पहिली पारख कागदावर. डोळे मिटून ट्रॅक लावा, जेथे बदल जाणवेल तेथे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर फेरीची कळ दाबा, आणि शेवटी नोंदलेले आकडे पाहा. सगळे पंधराच्या आसपास असतील तर ठीक. एखाद्या ठिकाणी एकदम तीसचा आकडा दिसला, तर तेथला बदल तुम्हालाच कळलेला नाही. तो वर्गाला काय कळणार? माझ्या अनुभवात असा बदल बहुतेक वेळा ‘निम्मे झाले’ हाच असतो. त्यावर क्रॅशचा आवाज वाढवणे हा खरा उपाय नाही. आधीच्या आठ बारांतून काहीतरी काढावे, म्हणजे नंतर येणारे नवे वाटते.

दुसरी पारख अंगावर. सगळा ट्रॅक एकदा स्वतः करून पाहावा, खुर्चीत बसून नव्हे. चौथ्या फेरीत जो इशारा ऐकू आला नाही, तो हॉलमध्येही ऐकू येणार नाही. त्यानंतर ज्याने ट्रॅक कधीच ऐकलेला नाही अशा एखाद्या माणसाला काहीही न सांगता करायला लावावे आणि तिसऱ्या फेरीत तो तिहाई सुरू होताच सैल पडतो का, एवढेच पाहावे.

मास्टर करताना सर्वांत मोठा आवाज शून्याच्या एक डेसिबल खाली राहील असा लिमिटर लावावा. तो जास्त दाबला तर विश्रांती आणि व्यायाम यांच्यातला तीन-चार डेसिबलचा फरकच चिरडला जातो. निर्यातीनंतर तरंगाच्या चित्रात विश्रांतीचे पाच बसके भाग उघड दिसले पाहिजेत. ट्रॅक पाठोपाठ दोनदा वाजवायचा असेल तर फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची द्यावी, कारण एमपी३ करताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता जोडली जाते, आणि दुसऱ्या फेरफटक्याची सम घसरते.

शेवटचा खंड, १२१ ते १२८, विश्रांतीचाच आहे. मात्र त्याच्या अखेरीस ‘सुरू करा’ची स्नेअर ठेवू नये, नाहीतर पाठ झालेल्या इशाऱ्यावर सगळा वर्ग पुन्हा धावू लागतो. काठीचा ठोका तसाच चालू द्यावा, लांब सूर विरत न्यावा, आणि १२९च्या समेवर किकशिवाय एकच ‘धा’ वाजवून, ट्रॅक पाठोपाठ वाजवायचा नसेल तर, पुढे दोन सेकंद रिकामे सोडावेत, म्हणजे त्याचा घुमारा मध्येच कापला जाणार नाही.